एक तिकीट, तीन प्रवासी, भाडे एकदाच

रेल्वेचे ई-तिकीट म्हणजे आयआरसीटीसीकडून मिळणारी पीडीएफ पावती. वर दहा अंकी पीएनआर, मग गाडी आणि तारखा, मध्ये प्रवाशांचा तक्ता, खाली पैशांचा तपशील. हिशेबनिसाला यातल्या तीनच गोष्टी हव्या असतात: कोण गेले, कधी गेले, किती रुपये लागले. कागद समोर धरला तर क्षणात दिसतात. पण दौऱ्यावर वीस माणसे गेली आणि तिकिटांचा गठ्ठा आला की हाताने उतरवणे नकोसे होते आणि काम संगणकावर सोपवले जाते. चुका तिथेच सुरू होतात.

कारण पीडीएफमध्ये सहसा तक्ता नसतोच. कोणते अक्षर पानावर कुठे छापायचे, एवढीच नोंद आत असते. रेघा आणि रकाने आपल्या डोळ्यांना दिसतात. फाइलच्या लेखी ‘४२’ हे वय आहे की भाड्याचा भाग, याला काही अर्थ नसतो. म्हणून आधी जागा सांभाळून मजकूर बाहेर काढावा लागतो. पॉप्लर या मोफत संचातली ही आज्ञा ते काम नीट करते:

```
pdftotext -layout ticket.pdf ticket.txt
```

आज्ञा टाइप करायची नसेल, तर विंडोजवरच्या नव्या एक्सेलमध्ये `Data > Get Data > From File > From PDF` हा मार्ग आहे. दोन्हींची अट एकच: पीडीएफमध्ये खरा मजकूर हवा. पीडीएफ उघडून नावावर माउस फिरवावा. अक्षरे निवडली गेली तर ठीक. अख्खे पान एकाच चित्रासारखे निवडले गेले, तर कोणीतरी छापील तिकिटाचा फोटो काढून पाठवला आहे. अशा वेळी मूळ पीडीएफ मागवणे हेच बरे. चित्रातून अक्षरे ओळखताना ८ चा ३ झाला तर पकडणार कोण?

मजकूर हाती आला, की खरा प्रश्न रचनेचा. समजा, तीन सहकाऱ्यांचे थर्ड एसीचे एकच तिकीट आहे. पावतीवर `Ticket Fare` ४,२१५ रुपये, `Convenience Fee` ३५.४० रुपये आणि प्रवासविमा १.३५ रुपये, एकूण ४,२५१.७५. विमा माणशी ४५ पैसे, म्हणून तिघांचे १.३५. सुविधा शुल्क मात्र माणसागणिक नाही, तिकिटागणिक लागते: वातानुकूलित वर्गाला ३० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. यूपीआयने पैसे भरले तर ते कमी पडते.

आता प्रत्येक प्रवाशाची एक ओळ केली आणि प्रत्येकीसमोर ४,२५१.७५ लिहिले, तर बेरीज १२,७५५.२५ होते. ही चूक फार वेळा होते आणि दिसत नाही, कारण प्रत्येक ओळ सुटी पाहिली तर बरोबरच असते. उपाय दोन पानांचा. पहिल्यावर दर तिकिटाची एक ओळ: पीएनआर, तारीख, भाडे, शुल्क, विमा, एकूण. दुसऱ्यावर दर प्रवाशाची एक ओळ आणि तिच्यात तोच पीएनआर. माणशी खर्च हवा असेल तर एकूण रकमेला प्रवासी संख्येने भागावे; इथे १,४१७.२५ येतात. तिघांची वये वेगळी असली, एक लहान मूल असले, तर हा भागाकार केवळ सोयीचा ठरतो, हे लक्षात ठेवावे. तेच तिकीट मेलवरून एकदा आणि व्हॉट्सॲपवरून पुन्हा आले, तर पहिल्या पानावर पीएनआर दुसऱ्यांदा दिसताच कळते.

एक पडताळणी प्रत्येक तिकिटाला लावावी: भाडे, शुल्क आणि विमा यांची बेरीज छापलेल्या एकूण रकमेशी पैशापर्यंत जुळते का? जुळली नाही तर काही वाचायचे राहिले आहे. प्रवाशांच्या ओळीही मोजाव्यात, कारण लांब नाव दोन ओळींत मोडले की एक माणूस गळतो.

तारखेचा फास वेगळाच आहे. पावतीवर आरक्षणाची तारीख असते आणि `Start Date`ही असते. ही दुसरी तारीख गाडी मूळ स्थानकावरून सुटण्याची. मुंबईहून रात्री उशिरा निघालेली गाडी पुण्यात मध्यरात्रीनंतर पोचते, तेव्हा तिथे चढणाऱ्याचा प्रवास दुसऱ्या दिवशी सुरू होतो. दैनिक भत्ता त्या दिवसापासून मोजायचा असेल, तर आपल्या स्थानकाच्या `Departure` समोरची वेळ आणि तारीख घ्यावी.

आणि रद्द तिकिटे? पावती तयार होते ती पैसे भरताना. पुढे काय झाले हे तिला माहीत नसते. आसन निश्चित न झालेले पूर्ण प्रतीक्षायादीतले ई-तिकीट तक्ता तयार झाल्यावर आपोआप रद्द होते आणि थोडी कपात होऊन पैसे परत येतात. त्यामुळे `Current Status` मध्ये `WL` दिसले, की ती ओळ खर्चात धरण्याआधी वेगळ्या रंगाने थांबवून ठेवावी. परतावा आला, तर बँकेच्या खातेउताऱ्यातून तो त्याच पीएनआरसमोर उणे रक्कम म्हणून नोंदवावा. मूळ ओळ मात्र पुसू नये, कारण न परतलेला सुविधा शुल्काचा खर्च तिच्यातच राहतो.