टॅग किती जणांना, आणि कोणाला?

पंचवटी एक्स्प्रेसच्या डब्यात पाणी संपले की आजचा प्रवासी तक्रारवही शोधत बसत नाही. तो एक्सवर लिहितो आणि थेट रेल्वेमंत्र्यांना टॅग करतो. ही सवय सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, म्हणजे 2014 ते 2017 या काळात, चांगलीच रुजली. धावत्या गाडीत कोणाच्या तान्ह्या बाळाला दूध मिळाले, कोणाला डॉक्टर मिळाला, अशा बातम्या तेव्हा येत. त्यातून लोकांनी धडा घेतला तो असा की मोठे नाव टॅग केले की काम होते, आणि जितकी जास्त नावे तितके काम लवकर. दोन्ही गैरसमजच. मंत्री मोबाइल हातात घेऊन डब्यात पाणी भरत नव्हते. त्या खात्यामागे माणसे बसलेली असत आणि ती तक्रार संबंधित विभागाकडे पाठवत. त्या टॅगला अर्थ होता, कारण तो घेणाऱ्याच्या हाती करण्यासारखे काहीतरी होते. टॅग हवासा की नकोसा, हे बहुतेक वेळा इथेच ठरते.

समजा गाडीने नाशिकरोड सोडले आहे आणि डब्यातला पंखा बंद आहे. नाशिकरोड स्थानक मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येते, तर कसारा घाट मुंबई विभागात. पण कोणता विभाग हे प्रवाशाने शोधायची गरज नाही, तक्रारीसाठी रेल्वेचे @RailwaySeva हे खाते आहेच. त्याला टॅग करून गाडीचे नाव, डबा, आसन आणि पुढचे स्थानक लिहिले की तक्रार योग्य टेबलावर जाते. पीएनआर आणि मोबाइल क्रमांक मात्र खासगी संदेशात द्यावा. उघड्यावर टाकला तर रेल्वेचा माणूस असल्याची बतावणी करणारेही तो वाचतात. खरी घाई असेल तर 139 वर फोन करणे बरे. आता त्याच तक्रारीत मुख्यमंत्री, स्थानिक आमदार, दोन वाहिन्या आणि एक अभिनेता जोडला, तर काय वाढते? सूचना वाढतात. पंखा सुरू करण्याचा अधिकार यांतल्या एकाकडेही नाही, आणि तक्रार पाहणाऱ्या माणसालाही कळत नाही की प्रवाशाला मदत हवी आहे की प्रेक्षक.

यावर एक आक्षेप हमखास येतो: दबाव आल्याशिवाय कार्यालये हलतच नाहीत. त्यात तथ्य आहे. तक्रारीला दोन-तीन दिवस उत्तरच नसेल, तर जुनी तक्रार जोडून वरिष्ठ खात्याला किंवा त्या विषयावर लिहिणाऱ्या पत्रकाराला टॅग करणे रास्तच आहे. पण तो पुढचा टप्पा झाला. पहिल्याच वाक्यात सगळ्यांना बोलावले की वर जायला पायरीच उरत नाही. ज्यांना पाठिंबा द्यायचा ते आपल्या मनाने पोस्ट पुढे पाठवू शकतात. त्यांची नावे आपण लिहायची गरज नसते.

खरी कटकट मात्र तक्रार करणाऱ्यामुळे कमी आणि उत्तर देणाऱ्यांमुळे जास्त होते, आणि इथला गैरसमज सगळ्यांत चिवट आहे: ‘मी कोणाला टॅग केलेच नाही, नावे आधीपासूनच होती.’ वस्तुस्थिती अशी की एक्सवर उत्तर लिहिताना आधीच्या संवादातली सगळी नावे आपोआप सोबत येतात. 2017 पासून ती मजकुरात दिसत नाहीत, वर ‘Replying to’ अशा ओळीत दडलेली असतात, म्हणून ध्यानात येत नाही. पंख्यावरून उत्तर देणारे दोघे राजकारणावर घसरतात आणि गाडी केव्हाच मुंबईला पोचलेल्या प्रवाशाचा फोन रात्री बारापर्यंत वाजत राहतो. त्या ओळीवर बोट ठेवले की यादी उघडते आणि नको ती नावे काढता येतात. ते करायला काही सेकंद लागतात, पण करतो कोण?

‘त्रास होतो तर त्याने म्यूट करावे’ हे उत्तरही तोकडे आहे. 2022 पासून ‘Leave this conversation’ असा पर्याय एक्सवर आहे हे खरे, पण तो वापरायचा तर आधी आपल्याला ओढले गेल्याचे कळावे लागते, म्हणजे त्रास होऊन गेलेला असतो. शिवाय पोस्ट सार्वजनिक आहे म्हणजे ती कोणीही वाचावी इतकेच. कोणाचाही फोन वाजवण्याची ती परवानगी नव्हे. पदावरच्या माणसाने आपल्या पदाच्या कामासाठी आलेला टॅग सोसलाच पाहिजे, ते त्याचे कामच आहे. त्याच अधिकाऱ्याच्या मुलीच्या वैयक्तिक खात्याला टॅग करणे मात्र दारात जाऊन बसण्यासारखे आहे. ओळखीच्या माणसाचेही तसेच. त्याने स्वतः त्या विषयावर लिहिले असेल, किंवा प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडेच असेल, तर टॅग त्याला आवडतो, क्वचित सुखावतोही. वादात आपल्या बाजूने बोलायला त्याला बोलावले, तर तो गप्प राहिला तरी त्याची बाजू लोक ठरवून मोकळे होतात. अशा वेळी आधी खासगीत विचारावे: ‘तुझे नाव घालू का?’