अर्जाचं काय झालं, हे विचारावं कसं?

नोकरीच्या पोर्टलवर अर्ज केला की तिसऱ्या दिवसापासून जीव वरखाली होऊ लागतो. विचारण्याआधी पोर्टलवरची अर्जाची स्थिती बघा. लिंक्डइनवर 'Application viewed' दिसलं, तर अर्ज कुणीतरी उघडला आहे. निवड झाली, असा त्याचा अर्थ नाही. तेवढ्यावरून लगेच पत्र पाठवू नका. जाहिरातीत अंतिम तारीख असेल तर ती उलटून आठवडा जाऊ द्या. नसेल तर अर्जापासून साधारण दहा कामाचे दिवस थांबा.

समजा, पुण्यातल्या एका कंपनीत लेखा सहायकाच्या जागेसाठी तुम्ही ३ तारखेला अर्ज केला. ईमेलच्या विषयातच पदाचं नाव आणि जाहिरातीचा क्रमांक लिहा, कारण एचआरकडे एकाच वेळी अनेक जागांची भरती चालू असते. मजकूर एवढाच: "लेखा सहायक पदासाठी मी ३ तारखेला अर्ज केला आहे. निवडप्रक्रियेचा पुढचा टप्पा साधारण केव्हा अपेक्षित आहे, हे कळवू शकाल का? आणखी कागदपत्रं हवी असल्यास पाठवतो."

यात मेख त्या 'केव्हा'मध्ये आहे. "माझी निवड झाली का?" याचं उत्तर देणं समोरच्याच्या हातात बहुधा नसतं, तारीख मात्र तो एका ओळीत सांगू शकतो. "अजून उत्तर नाही" असा सूर टाळा. तोच निरोप व्हॉट्सॲपवरही धाडणं म्हणजे तगादाच.

उत्तर आलं नाही, तर दोन आठवड्यांनी त्याच ईमेलखाली एकदाच विचारा. नंतर थांबा आणि मधल्या काळात दुसरीकडे अर्ज करत राहा.