आयात शुल्काचा हिशेब: कुणाचे किती गेले, कुणाला किती मिळाले

आयात शुल्क म्हणजे परदेशातून येणाऱ्या मालावर सरकारने सीमेवर घेतलेला कर. तो लागला की देशात त्या मालाचा भाव चढतो. ग्राहकाला जास्त पैसे मोजावे लागतात, देशी उत्पादकाला चांगला भाव मिळतो आणि सरकारी तिजोरीत भर पडते. या तिघांच्या नफ्या-तोट्याची बेरीज केली तर देशाच्या हाती काय उरते, हे पुरवठा आणि मागणीच्या दोन रेषांवरून आकड्यांत काढता येते.

अर्थशास्त्रात ‘लहान खुली अर्थव्यवस्था’ ही संज्ञा क्षेत्रफळावरून ठरत नाही. ज्या देशाने खरेदी कमी-जास्त केली तरी जागतिक बाजारातला भाव हलत नाही, तो देश त्या मालापुरता लहान. कांद्याच्या बाबतीत श्रीलंका हे चांगले उदाहरण आहे. तिथे मातले जिल्ह्यातल्या दंबुल्ला परिसरात कांदा पिकतो, पण तो देशाला पुरत नाही. मग नाशिक पट्ट्यातला कांदा जहाजाने कोलंबोला जातो. श्रीलंकेने थोडा कमी कांदा घेतला म्हणून भारतातले भाव पडत नाहीत. शिवाय 2007 च्या कायद्यानुसार श्रीलंका काही जिनसांवर किलोमागे ठरावीक रक्कम लेव्ही म्हणून घेते आणि कांदा त्यांपैकी एक आहे.

पुढचे आकडे केवळ गणितासाठी मानलेले आहेत. कोलंबो बंदरात कांदा 100 श्रीलंकी रुपये किलोने उतरतो असे समजू. या भावाला देशात महिन्याला 250 लाख किलो कांदा खपतो. देशी शेतकरी 50 लाख किलो पिकवतात, उरलेला 200 लाख किलो बाहेरून येतो. आता सरकारने किलोमागे 40 रुपये लेव्ही बसवली. जागतिक भाव 100 वरच राहतो, त्यामुळे करांचा पूर्ण बोजा देशातल्या भावावर येतो आणि बाजारात कांदा 140 रुपये होतो. देशी कांदाही याच भावाने विकला जातो, कारण 140 ला गिऱ्हाईक असताना शेतकरी तो स्वस्त का देईल? भाव वाढल्यामुळे खप 200 लाख किलोवर येतो, देशी उत्पादन 80 लाखांवर जाते आणि आयात 120 लाख किलो उरते.

आधी ग्राहकांचा तोटा पाहू. जे 200 लाख किलो ते अजूनही घेतात, त्यांवर किलोमागे 40 रुपये, म्हणजे 80 कोटी रुपये जास्त गेले. ज्या 50 लाख किलोंची खरेदी त्यांनी सोडली, तिथला तोटा वेगळा मोजावा लागतो. त्यांतला पहिला किलो सोडणाऱ्याच्या लेखी त्या कांद्याची किंमत जेमतेम 100 रुपये होती, त्यामुळे त्याचे फारसे बिघडले नाही. शेवटचा किलो सोडणाऱ्याला तो जवळपास 140 रुपयांचा वाटत होता, म्हणून त्याचे जवळजवळ 40 रुपयांचे समाधान हुकले. मागणीची रेषा सरळ असेल तर सरासरी तोटा किलोमागे 20 रुपये येतो. 50 लाख किलोंवर तो 10 कोटी होतो. आलेखावर हीच रक्कम त्रिकोणाच्या क्षेत्रफळाएवढी दिसते. ग्राहकांचा एकूण तोटा झाला 90 कोटी.

शेतकऱ्यांकडेही रीत हीच. जे 50 लाख किलो ते आधीपासून पिकवत होते, त्यांवर 20 कोटी रुपये जास्त मिळाले. वाढीव 30 लाख किलोंवरही 40 रुपये जास्त मिळतात, पण ते पिकवायला खर्च चढता आहे. पहिल्या किलोला 100 रुपये, शेवटच्या किलोला 140. त्यामुळे नफा सरासरी 20 रुपये, म्हणजे 6 कोटी. शेतकऱ्यांचा एकूण लाभ 26 कोटी. सरकारला 120 लाख किलोंवर 40 रुपयांप्रमाणे 48 कोटी मिळाले.

आता ताळा. ग्राहकांचे 90 कोटी गेले, शेतकऱ्यांकडे 26 आणि सरकारकडे 48, मिळून 74 कोटी आले. उरलेले 16 कोटी कुणाच्याच हाती पडले नाहीत. ते दोन त्रिकोणांत आहेत. खपाच्या त्रिकोणात वर काढलेले 10 कोटी. उत्पादनाच्या त्रिकोणात 6 कोटी, कारण जो कांदा बाहेरून 100 रुपयांना मिळत होता तो देशात सरासरी 120 रुपये खर्चून पिकवला गेला. किलोमागे 20 रुपयांची जमीन, पाणी आणि मजुरी त्यात जास्तीची गेली. दोन्ही त्रिकोणांची बेरीज ताळ्यातल्या 16 कोटींशी जुळत नसेल, तर हिशेबात कुठेतरी चूक आहे असे समजावे.

सर्वांत जास्त आढळणारी चूक महसुलाच्या अंदाजात होते. जुन्या 200 लाख किलोंना 40 ने गुणले तर 80 कोटी येतात, प्रत्यक्षात मिळतात 48. कर लागल्यावर आयात घटते, हे विसरल्यामुळे अंदाज फुगतो.

कर वाढवत नेला की चित्र झपाट्याने बदलते. याच रेषांवर 20 रुपये कर असता तर महसूल 32 कोटी आणि तोटा 4 कोटी झाला असता. कर दुप्पट करून 40 वर नेल्यावर महसूल दीडपट झाला, तोटा मात्र चौपट. त्रिकोणाची उंची आणि पाया दोन्ही दुप्पट होतात, म्हणून तोटा कराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 60 रुपये कर लावला तर महसूल पुन्हा 48 कोटीच, पण तोटा 36 कोटी. 100 रुपयांवर आयात थांबते, महसूल शून्य होतो आणि तोटा 100 कोटींवर जातो.

शेतकऱ्याला आधार देणे हाच हेतू असेल तर दुसरा मार्गही मोजून पाहता येतो. बाजारभाव 100 वरच ठेवून देशी उत्पादकाला किलोमागे 40 रुपये अनुदान दिले, तर उत्पादन तितकेच, 80 लाख किलो होते. सरकारचे 32 कोटी जातात, शेतकऱ्यांना 26 कोटींचा लाभ होतो, तोटा फक्त 6 कोटींचा. ग्राहकाचे ताट महागत नाही. अडचण एवढीच की ते 32 कोटी दुसऱ्या कुठल्या करातून उभे करावे लागतात आणि त्या करालाही स्वतःचा तोटा असतो. कमकुवत तिजोरीची सरकारे आयात शुल्काकडे वळतात, त्यामागचे मोठे कारण हेच.

या गणिताच्या मर्यादाही आहेत. रेषा सरळ मानणे लहान करासाठी ठीक आहे, मोठ्या करासाठी ते ढोबळ ठरते. कर लागल्याच्या पहिल्या महिन्यात नवे पीक येऊ शकत नाही, म्हणून उत्पादनाचा त्रिकोण सुरुवातीला लहान असतो आणि हंगामानंतर रुंदावतो. जागतिक भाव स्थिर मानला आहे, पण डिसेंबर 2023 मध्ये भारताने कांद्याची निर्यात थांबवली तेव्हा आयातदार देशांचा मूळ भावच बदलला. अशा वेळी 100 च्या जागी नवा भाव घेऊन सारी मांडणी पुन्हा करावी लागते. शिवाय या बेरजेत गरिबाचा रुपया आणि श्रीमंताचा रुपया सारखाच मोजला जातो. कांदा रोजच्या जेवणातला असल्याने गरीब घराच्या खर्चात त्याचा वाटा मोठा असतो, आणि 90 कोटींचा भार कुणावर किती पडला हे त्रिकोण सांगत नाहीत.

तरीही लहान देशापुरता निष्कर्ष स्पष्ट आहे. बाहेरचा विक्रेता भाव कमी करत नाही, त्यामुळे कर परदेशी माणूस भरत नाही, तो देशातला ग्राहकच भरतो. त्यातला काही भाग शेतकऱ्याला आणि सरकारला मिळतो, उरलेला वाया जातो. म्हणून शुल्काचा प्रस्ताव तपासताना महसुलाच्या आकड्याशेजारी या दोन त्रिकोणांचा आकडाही मांडलाच पाहिजे.