तोंडी दिलेली वाट, कागदावर परत घ्या

30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लोहारा भागातली अनेक गावे नव्या जागी वसली. जुन्या गावात भिंतीला भिंत होती, नव्या गावात घराच्या बाजूला मोकळी जागा आली. मग शेजारी म्हणतो, "ताई, तुमच्या बाजूनं गाडी नेतो, तिथंच लावतो." आपण हो म्हणतो. यात वावगे काही नाही. घोटाळा पुढे होतो.

अशाच एका घरच्या सूनबाई आमच्याकडे अर्ज लिहून घ्यायला आल्या. सासऱ्यांनी 2009 साली शेजाऱ्याला वाट दिलेली. सासरे वारले. आता मुलाची खोली बांधायची, तर शेजारी म्हणतो, "ही आमची वहिवाट आहे."

1882 च्या इझमेंट अ‍ॅक्टप्रमाणे वीस वर्षे उघडपणे, विनाअडथळा आणि हक्काने वापरलेली वाट कायम होऊ शकते. खरी मेख 'हक्काने' या शब्दात आहे. परवानगीने केलेला वापर कितीही वर्षे चालला तरी त्याचा हक्क होत नाही. पण परवानगी तोंडी, आणि ती देणारा माणूस गेलेला. मग कोर्टात सांगणार कोण?

आम्ही अगोदर दोन गोष्टी विचारल्या. शेजाऱ्याला दुसरी वाट आहे का? होती, मागच्या रस्त्याने. ती नसती आणि दोन्ही जागा मूळच्या एकाच मालकाच्या असत्या, तर वाट बंद करणे अवघड झाले असते. परवानगीच्या भरवशावर त्याने पक्के बांधकाम केले आहे का? फक्त ताडपत्री होती. स्वतःच्या खर्चाने पक्की शेड उभी केली असती, तर कलम 60 आडवे आले असते.

मग कागद लिहिला: "आमच्या सासऱ्यांनी 2009 मध्ये आपणास आमच्या घराच्या पूर्वेकडील मोकळ्या जागेतून ये-जा करण्याची व गाडी लावण्याची परवानगी विनामोबदला दिली होती. ती आम्ही आज रद्द करीत आहोत. आजपासून 30 दिवसांत गाडी व सामान काढून घ्यावे." तारीख टाकली. जागा दिराच्याही नावावर, म्हणून सह्या दोघांच्या. एका प्रतीवर शेजाऱ्याची 'मिळाली' अशी सही मागायची. तो देत नसेल तर पोस्टाने पाठवून पावती व पोच जपायची.

तीस दिवस कायद्यात लिहिलेले नाहीत. सामान हलवायला वाजवी मुदत द्यावी, एवढेच आहे. सुगीत ट्रॉली भरलेली असेल तर जास्त द्या. मात्र मुदतीनंतर भाडे म्हणून शंभर रुपयेही घेऊ नका. परवानगी पुन्हा दिली, असा त्याचा अर्थ लावला जाईल. आणि रात्रीतून दगड टाकून वाट अडवू नका. भांडण पोलिसात जाते आणि कागद मागे पडतो. शेजारी मुदतीनंतरही हटला नाही तर दिवाणी कोर्टात मनाईसाठी दावा करावा लागतो, आणि तिथे हीच पोच दाखवायची असते.

जागा ग्रामपंचायतीची असेल, तर मात्र ती द्यायला नि काढायला आपण कोणीच नाही. म्हणून लिहिण्याआधी घराचा उतारा काढून बघा.