जादा वेळ मिळाला, पण प्रश्नच वाचता येत नसेल तर?

२०१८ च्या केंद्रीय नियमावलीने पात्र दिव्यांग परीक्षार्थींना तासाला किमान २० मिनिटं जादा दिली. पण प्रश्नच किचकट असेल तर?

समजा, चाकणच्या कारखान्यावर गणित आहे: ‘ताशी ४० सुटे भाग बनवणाऱ्या यंत्रावर, अर्ध्या तासाची सुट्टी वगळता, ८ तासांच्या पाळीत किती भाग बनतील?’

डिस्लेक्सिया असलेला विद्यार्थी ‘वगळता’पाशीच अडखळू शकतो. त्याऐवजी असं लिहा:

पाळी ८ तासांची आहे.
त्यात अर्धा तास यंत्र बंद असतं.
यंत्र ताशी ४० भाग बनवतं.
पाळीत किती भाग बनतील?

उत्तर तेच, ३००. गणित सोपं झालं नाही, वाचन सोपं झालं.

अल्पदृष्टी असेल तर ठळक, मोठा टाइप हवा. आलेखाऐवजी तेच आकडे तक्त्यात देता येतात. मात्र आलेख वाचणंच तपासायचं असेल, तर तो मोठा छापावा.