खुंटीवरचा टॉवेल

हॉटेलच्या बाथरूममध्ये ‘पृथ्वी वाचवा’ असं कार्ड दिसलं, की पाहुण्याला शंका येते: हे पृथ्वीसाठी की धुलाईचा खर्च वाचवायला?

अमेरिकेत गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केव्हिशियस यांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पर्यावरणाचं नेहमीचं आवाहन वाचून सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. ‘बहुतेक पाहुणे असंच करतात’ हे वाचून ४४ टक्क्यांनी. जर्मनीतल्या नंतरच्या प्रयोगांत मात्र हा फायदा दिसला नाही. त्यामुळे कार्डावर उपदेशापेक्षा खूण स्पष्ट हवी. मराठी-हिंदी कार्ड असं लिहिता येईल:

‘हाच टॉवेल उद्याही चालेल? खुंटीवर टांगा. नवा हवा? खाली टोपलीत टाका.’

‘यही तौलिया कल भी चलेगा? खूँटी पर टाँग दीजिए। नया चाहिए? नीचे टोकरी में डाल दीजिए।’

नवा टॉवेल मागणाराही इथे अपराधी ठरत नाही. शब्द त्या त्या भाषेचे असले, तरी दोन्हीकडे खूण तीच असावी. एकीकडे ‘टोपली’ आणि दुसरीकडे ‘फर्श’ झालं, तर सफाई कर्मचारी गोंधळतात.

खरी फजिती पुढे होते. खुंटीच नसते, किंवा टांगलेला टॉवेलही बदलला जातो. मग दुसऱ्या दिवशी पाहुणा कार्डाकडे बघतही नाही.