दवाखान्याच्या बिलाची फोड

माझ्या नणंदेची मुलगी सध्या आमच्याकडे अंबडला राहते. रुग्णालय व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम ती करते आहे आणि त्यातलाच एक भाग म्हणून जालन्याच्या एका खाजगी रुग्णालयात बिलांच्या खिडकीमागे शिकाऊ म्हणून बसते. सकाळच्या एस.टी.ने जाते, दिवेलागणीला परत येते. आल्यावर चहा घेता घेता म्हणते, "मामी, आज पुन्हा एकीची फाइल अडली." सुरुवातीला मी नुसती हं हं करायची. पण गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या वहिनींचे पित्ताशयाचे ऑपरेशन नेमके त्याच रुग्णालयात झाले, आणि या कागदांत किती पैसा दडलेला असतो ते मला तेव्हा समजले.

वहिनींची तीन लाखांची पॉलिसी होती. कॅशलेस, म्हणजे विमा कंपनीने पैसे थेट रुग्णालयाला द्यायचे. यासाठी पहिला कागद लागतो तो पूर्वपरवानगीचा अर्ज. त्याचा काही भाग रोग्याच्या घरच्यांनी भरायचा आणि बाकीचा डॉक्टर व रुग्णालयाने. या अर्जाचे काम एकच, उपचार सुरू होण्याआधी कंपनीला विचारायचे की हा आजार पॉलिसीत बसतो का, आणि अंदाजे इतका खर्च येईल, तो मंजूर आहे का? विमा नियामक प्राधिकरणाच्या 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे याचे उत्तर कंपनीने एका तासात द्यायला हवे.

या अर्जात एक साधीशी दिसणारी ओळ असते, 'त्रास केव्हापासून?' वहिनींच्या अर्जावर डॉक्टरांनी 'चार दिवस' लिहिले होते. पण भरती होताना त्यांनी नर्सबाईंना सहज सांगितले होते की पोट तसे दोन वर्षांपासून अधूनमधून दुखते, आणि केस पेपरवर तेच लिहिले गेले. दोन कागद दोन गोष्टी सांगू लागले. कंपनीने लगेच खुलासा मागितला. पित्ताशयाच्या खड्यांसाठी पुष्कळ पॉलिसींत पहिली दोन वर्षे पैसे मिळत नाहीत. वहिनींची पॉलिसी सहा वर्षांची जुनी होती म्हणून निभावले. नवी असती, तर या ओळीपाशीच सगळे अडले असते.

"मग तू तो आकडा दुरुस्त केलास का?" मी विचारले.

"छे मामी! आम्ही कागदावर खाडाखोड करायची नसते. डॉक्टरांनी वेगळ्या कागदावर खुलासा लिहायचा, सही-शिक्का करायचा आणि मग तो पाठवायचा. पूर्वीचा त्रास आम्लपित्ताचा होता, खडे आत्ताच सोनोग्राफीत दिसले, असं त्यांनी लिहून दिलं."

तिचे रोजचे पहिले काम हेच. फाइलमधले सगळे कागद पसरायचे आणि नाव, वय, भरतीची व सुटीची तारीख-वेळ, आजाराचे नाव सगळीकडे एकच आहे का ते पाहायचे. डिस्चार्ज कार्ड कशासाठी? तर आजार काय होता, काय केले आणि रोग्याला भरती का व्हावे लागले, हे सांगण्यासाठी. तपासण्यांचे रिपोर्ट त्याचा पुरावा. आणि बिल म्हणजे त्या प्रत्येक गोष्टीची किंमत. कार्डावर ज्या उपचाराचा उल्लेख नाही तो बिलात दिसला, की कंपनी बोट ठेवते.

आता बिलाची खरी गंमत ऐका. वहिनींच्या पॉलिसीत खोलीभाड्याला मर्यादा होती, विम्याच्या रकमेच्या एक टक्का, म्हणजे रोज 3,000 रुपये. त्या खोल्या भरलेल्या होत्या म्हणून घरच्यांनी 4,000 ची स्वतंत्र खोली घेतली. "तीन दिवसांचे तीन हजार आपण भरू," असा हिशेब त्यांनी केला. एकूण बिल झाले 76,000. त्यात खोलीचे 12,000, 'ऑपरेशन व उपचार' असे एका ओळीत 62,000, आणि हातमोजे वगैरे पॉलिसीत न बसणाऱ्या वस्तूंचे 2,000. कंपनीने मंजूर केले 55,500. म्हणजे वहिनींच्या माथी 20,500 आले. घरातल्या सगळ्यांचे चेहरे उतरले.

असे का झाले? खोली मर्यादेपेक्षा वरची घेतली, तर अशा पॉलिसीत कंपनी फक्त भाड्याचा फरक कापत नाही. पुष्कळ रुग्णालयांत डॉक्टरांची फी, थिएटर, नर्सिंग यांचे दरही खोलीप्रमाणे चढत जातात. म्हणून त्या खर्चातही तेवढ्याच प्रमाणात कपात होते. 4,000 ला 3,000, म्हणजे रुपयातले बारा आणेच मिळाले. 62,000 चे झाले 46,500, त्यात भाड्याचे 9,000.

पण भाचीला एक नियम ठाऊक होता. औषधे, वापराच्या वस्तू, शरीरात बसवायची साधने आणि तपासण्या यांना ही प्रमाणातली कपात लावता येत नाही. अतिदक्षता विभागाच्या भाड्यालाही नाही. कारण खोली कोणतीही घ्या, गोळीची किंमत तीच राहते. इथे चूक बिल करणाऱ्यांचीच होती. सगळे एका ओळीत कोंबल्यामुळे कंपनीला औषध कुठले आणि फी कुठली हे दिसलेच नाही. तिने वरिष्ठांना दाखवले आणि बिलाची फोड करून घेतली. डॉक्टर, थिएटर, नर्सिंगचे 40,000, औषधांचे 14,000 आणि तपासण्यांचे 8,000. औषधांच्या प्रत्येक बिलामागे डॉक्टरांची चिठ्ठी लावली आणि फाइल पुन्हा पाठवली.

दुसरे मंजुरीपत्र 61,000 चे आले. भाड्याचे 9,000, फीचे 30,000 आणि औषधे-तपासण्यांचे पूर्ण 22,000. वहिनींचे 5,500 वाचले. तरी 15,000 भरावे लागलेच. त्यातले 13,000 केवळ त्या खोलीपायी गेले! तेव्हा खोली घेण्याआधी पॉलिसीतली भाड्याची ओळ वाचा, आणि दर खोलीप्रमाणे बदलतात का ते बिलाच्या खिडकीवर विचारा. जिथे बदलत नाहीत, तिथे ही प्रमाणातली कपात करता येत नाही.

सुटीच्या दिवशी आणखी एक लक्षात ठेवा. रुग्णालयाने शेवटचे बिल पाठवल्यापासून तीन तासांत कंपनीने मंजुरी द्यायची असते. त्याहून उशीर झाला आणि रुग्णालयाने जादा भाडे लावले, तर ते कंपनीच्या माथी. म्हणून बिल किती वाजता पाठवले ते विचारून टिपून ठेवा.

पैसे आधी आपण भरून मागाहून मागायचे असतील, तर दाव्याचा अर्ज दोन भागांत असतो. 'अ' भाग आपण भरायचा, 'ब' भाग रुग्णालयाने. पुष्कळ जणी 'ब' भाग न घेताच घरी येतात आणि मग सही-शिक्क्यासाठी पुन्हा एस.टी.चे हेलपाटे घालतात. सोबत फोड केलेले मूळ बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, डिस्चार्ज कार्ड, चिठ्ठ्यांसह औषधांची बिले, रिपोर्ट आणि रद्द केलेला चेक जोडायचा. अर्ज किती दिवसांत द्यायचा ते पॉलिसीत लिहिलेले असते.

कॅशलेस असले तरी सगळ्याच्या झेरॉक्स घरी ठेवाव्यात. भरतीच्या आधीच्या आणि नंतरच्या काही दिवसांचा औषधपाण्याचा खर्चही बहुतेक पॉलिसींत मागता येतो, आणि त्याला डिस्चार्ज कार्ड लागतेच. वहिनींच्या सोनोग्राफीची पावती अशीच स्वयंपाकघरातल्या डब्याखाली सापडली. भाचीने ती झटकून पुसली आणि दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून जालन्याला नेली.